सात की पंधरा

दुर्गा मोहुर्लेनं स्वतःला वीसपैकी सात गुण दिले. देताना जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट सात म्हणजे आपण फारच सढळ हातानं दिले की काय, अशी शंका तिला आली आणि प्रश्नमांडणीच्या रकान्यातला दोनचा आकडा खोडून तिनं एक केला. मग बेरीज सहा झाली. सहा हा आकडा तिला अगदीच भिकार वाटला म्हणून निष्कर्षाच्या रकान्यात तिनं दोनचे तीन केले आणि पुन्हा सातावर येऊन थांबली.

नववीच्या विज्ञान प्रकल्पाचा हा तक्ता. धानोऱ्याच्या त्या शाळेत संघप्रिया मेश्राम मॅडम आल्यापासून गुण देण्याची जुनी सोय बंद पडली होती. पूर्वी बरं होतं. थर्माकोलचा ज्वालामुखी ठेवायचा, वर लाल रंग ओतायचा, आणि मास्तरांनी लांबूनच 'छान' म्हणून वीसपैकी अठरा द्यायचे. मॅडमनी आल्या आल्या रुब्रिक आणलं. रुब्रिक म्हणजे एक चौकटीचौकटींचा कागद. डावीकडे पाच निकष: प्रश्नमांडणी, नोंदी, सुधारणा, निष्कर्ष आणि सादरीकरण. प्रत्येक निकषापुढे चार पायऱ्या, आणि कुठल्या पायरीवर काय दिसलं पाहिजे ते वाक्यात लिहिलेलं. नुसतं 'छान' किंवा 'बरं' नाही. नोंदींच्या चौथ्या पायरीवर लिहिलं होतं, 'ठरलेल्या वेळी, एककासह, सलग नोंदी. मनासारखं न घडल्याचीही नोंद.' पहिल्या पायरीवर होतं, 'नोंदी नाहीत, किंवा आठवून लिहिलेल्या.'

हा कागद प्रकल्प सुरू करायच्या आधीच मुलांना वाटलेला होता. प्रकल्प संपला की विद्यार्थ्यानं आधी स्वतः भरायचा, शेवटच्या रकान्यात प्रत्येक आकड्याचा पुरावा लिहायचा, आणि घडी घालून द्यायचा. मॅडम तो न उघडता आपला वेगळा भरणार. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलायचं. प्रगतिपत्रकात जाणार ते मॅडमचेच गुण. मुलांचे कशाला, तर मॅडम म्हणायच्या, "तुमचं तुम्हाला दिसतं का, ते कळायला."

दुर्गाला सगळं दिसत होतं. पुराव्याच्या पाचही रकान्यांत तिनं एकच वाक्य लिहिलं: 'सगळ्यांना माहीत आहे.'

आणि ते खरंच सगळ्यांना माहीत होतं. निदान धानोऱ्यात तरी.

दुर्गाचा प्रकल्प होता मोहफुलं वाळवायची पेटी. मार्च संपता संपता मोह गळायला लागतो, आणि पहाटेपासून बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वेचलेली फुलं अंगणात चटईवर वाळत घालायची, चार दिवस राखण करायची, बकऱ्यांना हाकलायचं, आणि तिसऱ्या दिवशी अवकाळीचे ढग आले की सगळी उचलून घरात पळायचं. मोहुर्ल्यांच्या क्वार्टरमागं राहणाऱ्या बुधरीबाईची ही पळापळ दुर्गा लहानपणापासून बघत आली होती. म्हणून तिनं ठरवलं, उन्हाची एक पेटी करायची. आंब्याचं लाकडी खोकं, आतून काळा रंग, वरून पारदर्शक पॉलिथिन. बुधरीबाईनं अर्धा किलो ताजी फुलं दिली आणि वर म्हणाली, "पेटीत काऊन टाकून राह्यली पोरी? ऊन फुकट आहे ना."

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते दुर्गाच्या वडिलांमुळे, पण ते असं म्हणू देणार नाहीत.

धनराज मोहुर्ले एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक होते. त्यांच्या हातून गेलेलं पाकीट वाटेत उघडलं, असं बावीस वर्षांत झालेलं नव्हतं. पेटी बघून ते म्हणाले, "काम करायचं तर पक्कं. एकही फट राह्यली नाई पाहिजे. उष्णता बाहेर गेली तं पेटीचा उपयोग काय?" आणि खाकी चिकटपट्टीचं एक अख्खं रीळ त्यांनी त्या खोक्याला गुंडाळलं. चारही बाजू, चारही कोपरे, वर आडवी आणि उभी. नशीब, लाखेची मोहोर नाही लावली. वजनासाठी फुलं काढायला म्हणून दुर्गानं एका बाजूला सुटी फळी ठेवली होती, तिलाही दरवेळी नवी पट्टी लागायची.

दुर्गा दिवसातून तीनदा, आठ, बारा आणि चारला, फुलं काढून घरातल्या डिजिटल काट्यावर तोलायची आणि वहीत लिहायची. पहिल्या दिवशी पाचशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी चारशे नव्वद. पॉलिथिनच्या आतून पाण्याचे थेंब लोंबायला लागले. तिसऱ्या दिवशी चारशे ऐंशी, फुलं तपकिरी, लिबलिबीत, आणि वास. त्या वासाची नोंदही तिनं केली: 'आंबूस-गोड. फेस दिसतो. आईनं नाक धरलं.'

आता, बंद डब्यात ओला मोह तीन दिवस उबदार ठेवला की त्याचं काय होतं, हे सांगायला विज्ञानाच्या मॅडम लागत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिणाऱ्यांना तर जास्तच. त्यामुळे तिसऱ्या दिवशी दुपारी मोहुर्ल्यांच्या क्वार्टरवरून वाऱ्याची झुळूक गेली तेव्हा रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला, त्यानं दोनदा खोल श्वास घेतला, क्वार्टरचा नंबर बघितला आणि आदरानं मान हलवून पुढं गेला. संध्याकाळी दोन अनोळखी गृहस्थ फाटकाशी येऊन "साहेब आहेत का?" असं हळूच विचारून गेले.

शेजारचे मनसारामभाऊ जंगल खात्यातून निवृत्त झालेले. वासावरून झाड ओळखणारा माणूस. ते कुंपणावरून म्हणाले, "धनराज, मी काई म्हणत नाई. पण क्वार्टरात नको करू गा. शेतावर कर."

"मनसारामभाऊ, तो पोरीचा प्रोजेक्ट आहे!"

"हो ना. मी तेच सांगन सगळ्याईले," मनसारामभाऊ डोळा मिचकावून म्हणाले, आणि त्यांनी ते सगळ्यांना इतक्या निष्ठेनं सांगितलं, की चौथ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला ठाण्यातून जमादार आला.

जमादारानं पेटी बघितली. इतकी चिकटपट्टी पाहून त्याचा संशय पक्का झाला. सरळ मार्गानं चालणारा माणूस खोक्याला एवढी पट्टी कशाला गुंडाळील? पट्टी सोडवायलाच त्याला वीस मिनिटं लागली. उघडल्यावर त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, चेहरा निर्विकार ठेवला आणि दुर्गाची वही मागितली. वहीत वेळ, वजन, तापमान, फेस आणि वास असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं बघून तो जरा गंभीरच झाला. एवढ्या शिस्तीची भट्टी त्यानं उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. शेवटी शाळेचा शिक्का असलेलं पहिलं पान सापडलं, रंभाबाईंनी, म्हणजे दुर्गाच्या आईनं, चहा पुढं केला, आणि साडेबाराला जमादार "पोट्टी हुशार आहे, पण लक्ष ठेवा" असं म्हणून निघून गेला. कोणावर लक्ष ठेवायचं ते त्यानं सांगितलं नाही.

दुर्गानं वहीत लिहिलं: 'बाराची नोंद नाही. पोलीस आले होते.'

धनराजरावांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी हसत विचारलं, "मोहुर्ले, आमच्यासाठी पण एखादी बाटली?" बावीस वर्षांची नोकरी, आणि ही वेळ. ते घरी येऊन दुर्गाला काही बोलले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

पोलीस आले त्याच दिवशी, चारच्या नोंदीनंतर, चारशे सत्तर ग्रॅम लगदा टाकून देताना बुधरीबाई मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "वाफ कुठून जाईन, माय? तिले रस्ता तं दे." दुर्गानं मग खालच्या बाजूला आणि वरच्या बाजूला खिळ्यानं भोकांच्या दोन रांगा पाडल्या, फाटलेलं पॉलिथिन बदललं, पेटी विटांवर ठेवली, पाचशे ग्रॅम नवी फुलं आत टाकली, आणि पाचशे ग्रॅम बुधरीबाईच्या चटईवर. पुन्हा आठ, बारा, चार. पेटीतल्या फुलांचं वजन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकशे अठरावर आलं आणि मग हललंच नाही. चटईवरची चौथ्या दिवशी दुपारी एकशे एकवीसवर थांबली. सगळं वहीत गेलं. पण दुर्गाचं त्यात मन नव्हतं. ती पोलीस गेल्यापासून फक्त रीत म्हणून लिहीत होती.

वर्गात सादरीकरणाच्या दिवशी तिनं आलेख दाखवला, तक्ता दाखवला, विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, आणि शेवटी म्हणाली, "निष्कर्ष: माझी पेटी निकामी आहे." मागच्या बाकावरून निकेश ओरडला, "निकामी कशाची? चालू होती म्हणून तं पोलीस आले!" सगळा वर्ग हसला. दुर्गा बाकावर जाऊन बसली आणि तिनं तो तक्ता भरायला घेतला.

म्हणून सात.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण एप्रिलअखेरीला शाळेतून आलापल्लीला निसर्ग शिबिर जाणार होतं. तीन दिवस, सागाच्या जंगलात, रात्री तंबूत. शाळेला आठ जागा होत्या आणि अट अशी, की प्रकल्पात वीसपैकी किमान बारा हवेत. दुर्गानं वर्षभर या शिबिराचा जप केला होता. तिथली जुनी सागाची झाडं दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत, असं ऐकून तिनं घरातल्या खांबाला मिठ्या मारून सराव केलेला होता. पेटीच्या भानगडीच्या आधीच तिनं नाव नोंदवलेलं होतं.

शनिवारी तिनं वडिलांना सांगितलं, "बाबा, मले सात मिळतीन. माह्यं नाव कापतीन. त्याच्या आधी मीच काढून घेते."

धनराजराव उठून बसले. पोलीस आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. सगळीकडून मान गेला होता. निदान माघार तरी मानानं घेता येत होती. आणि अर्ज लिहायचा होता! त्यांनी चष्मा पुसला, आखीव कागद काढला, आणि बावीस वर्षांचा अनुभव त्यात ओतला. विषय, संदर्भ, महोदय. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर शिबिरास स्वतःस अपात्र समजत असल्याने आपले नाव स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना मागे घेत आहे. सदर माघार अंतिम समजण्यात यावी. याबाबत भविष्यात कोणताही दावा, हरकत अथवा फेरविचाराची विनंती करण्यात येणार नाही.' तीन प्रती. शाळेच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. आवक क्रमांक घेतला. घरी येऊन ते म्हणाले, "आता याच्यात कोणी एक अक्षर मागं-पुढं करू शकत नाई."

हे मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं.

सोमवारी मॅडमनी तक्ते वाटले. दुर्गानं आपला उघडला. प्रश्नमांडणी तीन. नोंदी चार. सुधारणा तीन. निष्कर्ष दोन. सादरीकरण तीन. एकूण पंधरा.

तिनं वरचं नाव वाचलं. तिचंच होतं. हजेरी क्रमांकही तिचाच. तिनं बेरीज पुन्हा केली, बोटांवरही केली. पंधराच.

दुसऱ्या कोणत्याही मुलीनं आनंदानं उडी मारली असती. दुर्गाला घाम फुटला. कागदाच्या खाली मॅडमनी लिहिलं होतं: 'उद्या मधल्या सुट्टीत भेट. तुझे आणि माझे चार निकषांत दोन किंवा जास्त पायऱ्यांनी जुळत नाहीत. वही माझ्याकडे आहे.'

घरी मोठीच मसलत बसली. मनसारामभाऊ कुंपणावरून बोलवण्याची वाट न बघता आत आले. "दुसऱ्याचे मार्क तुले चिकटले असतीन," ते म्हणाले. "आमच्या खात्यात एकदा एका बिबट्याची नोंद जंगलाच्या दोन बीटांच्या हद्दीत झाली होती. दोन्हीकडचे लोक सांगत होते, आमचाच. चौकशी लागली तं बिबट निघालाच नाई. तू गप्प राहा. चौकशी लागली की पंधराही जातीन न सातही जातीन."

धनराजरावांना वेगळीच काळजी. "मी तं लिहून देल्लं ना, की स्वतःले अपात्र समजते म्हणून. आता पात्र निघाली तं अर्जातला मजकूर खोटा ठरते. सही माही आहे, पालक म्हणून."

आणि मग रंभाबाई भाकरी थापता थापता अगदी सहज म्हणाल्या, "मॅडमले दया आली असन व. पोलीसबिलीस आले, पोरगी रडवेली झाली. चांगल्या मनाची बाई आहे ते."

दया! दुर्गानं ताट बाजूला सारलं. वर्ग हसला ते चाललं असतं, पोलीस आले ते चाललं होतं. पण कोणी कीव करून आपल्याला पंधरा टाकावेत, आणि आपण ते घेऊन सागाच्या झाडांना मिठ्या मारत फिरावं? तिचे डोळे भरून आले आणि तिला भयंकर रागही आला. तिनं ठरवलं, उद्या जाऊन आठ गुण परत करायचे.

शाळेच्या कारभारात गुण वाढवून मागायला रीत आहे, अर्ज आहे, पडताळणी आहे. गुण परत करायची खिडकी मात्र कोणी ठेवलेली नाही. कार्यालयातल्या बाबूला दुर्गानं मंगळवारी सकाळी विचारलं तेव्हा त्यानं तिला पाणी दिलं आणि बसवलं.

मधल्या सुट्टीत ती मॅडमसमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं बोलून मोकळी झाली. "मॅडम, मले दयेचे मार्क नको. सात बरोबर आहेत."

संघप्रिया मॅडम नागभीडकडच्या. आवाज चढवत नसत, पण डबाही सोडत नसत. घास गिळून त्या म्हणाल्या, "दयेचा रकाना कुठी आहे, दाखव बरं."

दुर्गानं कागद बघितला. पाच निकष होते. दयेचा नव्हता.

"बस. आता नोंदीपासून. तू एक देल्ला. एकच्या पायरीवर काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाच."

"'नोंदी नाहीत, किंवा आठवून लिहिलेल्या.'"

"तुह्या नोंदी नव्हत्या?"

"होत्या. पण पेटी आंबली ना, मॅडम."

"पेटी आंबली हे कोणत्या रकान्यात आहे?"

दुर्गा पाचही निकष आणि वीसही चौकटी वाचून गेली. पेटी चालली पाहिजे, असं कुठंच नव्हतं. वडिलांची मान खाली गेली की किती गुण कापायचे, हेही नव्हतं. आपण आठवडाभर ज्या रकान्यात स्वतःला नापास करत होतो, तो रकाना या कागदावर नव्हताच. तो आपणच डोक्यात आखला होता.

मॅडमनी वही उघडली. "आठ दिवस, दिवसाले तीन, म्हणजे चोवीस वेळा. तेवीस नोंदी आहेत. राह्यलेल्या एका जागी काय आहे?"

"'पोलीस आले होते.'"

"ते खोडलं असतंस, किंवा अंदाजानं आकडा टाकला असतास, तं मी तीन देल्ले असते. मनासारखं झालं नाई ते पण लिहिलं, वेळेसकट. चौथ्या पायरीवर तेच मागितलं आहे. हा पुरावा. मी पान लिहिलं आहे, बघ: नऊ."

मग सुधारणा. इथं दुर्गाला आशा वाटली, कारण मॅडमनी चार दिले नव्हते, तीन दिले होते. "चारसाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते," मॅडम म्हणाल्या. "तू भोकं पाडली, पॉलिथिन बदललं आणि पेटी विटांवर उचलली, तिन्ही एकाच दिवशी. फुलं लवकर वाळली ते कशानं, सांग."

"भोकांनी."

"कशावरून?"

दुर्गानं वहीतलं ते पान उलटून पाहिलं. खरंच सांगता येत नव्हतं. हे तीन मात्र तिला एकदम पटले. गुण कुठं कापले ते दिसल्यावर उरलेले तीन आपले वाटायला लागले, ही गंमत तिच्या ध्यानात आली आणि तिला बरं वाटलं.

"आता निष्कर्ष," मॅडम म्हणाल्या, आणि इथं त्यांचा चेहरा बदलला. "इथी तू स्वतःले तीन देल्ले. मी दोन."

दुर्गा चमकली. पाचातला हाच एक रकाना तिनं अभिमानानं भरला होता. "मॅडम, पण मी खरं लिहिलं! लपवलं नाई. पेटी निकामी आहे म्हणून सरळ सांगितलं."

"तिसऱ्या पायरीवर काय आहे?"

"'निष्कर्ष स्वतःच्या नोंदींतून निघतो.'"

"पान चौदा उघड. पेटीतली फुलं वाळायला किती दिवस लागले?"

"दोन."

"आणि चटईवर?"

"चार."

"मग निकामी काय आहे?"

दुर्गा त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. तिच्याच अक्षरात होते. तिनंच तोलले होते, तिनंच लिहिले होते, त्यांचा आलेख काढून तोच आलेख वर्गाला दाखवला होता, आणि त्याच्याच शेजारी उभं राहून पेटी निकामी आहे म्हणून सांगितलं होतं.

"हे खरं बोलणं नव्हे, दुर्गा," मॅडम म्हणाल्या. "स्वतःले वाईट म्हटलं म्हणजे ते आपोआप खरं होते, असं वाटते आपल्याले. ते सुद्धा नोंद न बघता बोलणंच आहे."

दुर्गाला रडू आलं, आणि हसूही आलं, आणि नेमक्या त्याच वेळी तिला शिबिराची आठवण झाली. "मॅडम! माह्यं नाव!"

मॅडमना अर्जाचं काही माहीतच नव्हतं. ऐकून त्यांनी पहिल्यांदा डबा बंद केला.

मुख्याध्यापक गेडाम सरांच्या टेबलावर यादी तयार होती. सात नावं. आठवी जागा रिकामी म्हणून कळवायची, मग ती दुसऱ्या शाळेला जाणार. पाच वाजता शिपाई यादी घेऊन गडचिरोलीच्या बसनं निघणार होता. सरांनी धनराजरावांचा अर्ज दोनदा वाचला. "पंधरा असतीन तं पात्र आहे, माह्यी काई हरकत नाई," ते म्हणाले. "पण याच्यात तं फेरविचाराची विनंतीसुद्धा करणार नाई म्हणून लिहून देल्लं आहे. मी बत्तीस वर्षं अर्ज वाचतो. परत यायले एवढी पण फट न ठेवलेला अर्ज मी पाह्यला नाई. कोणी लिहिला?"

साडेतीनला धनराजराव कचेरीतून धावत आले. आपलाच अर्ज त्यांनी शत्रूच्या किल्ल्याकडे बघावं तसा चारही बाजूंनी न्याहाळला. कुठून शिरायचं? "पक्कं लिहिलं आहे," ते शेवटी म्हणाले, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"बाबा!"

"थांब. लिहितो." पहिल्या मसुद्यात त्यांनी 'लेखनिकाच्या अनवधानाने' असं लिहिलं; मग लेखनिक आपणच, हे लक्षात येऊन फाडला. दुसऱ्यात 'अर्जदार अल्पवयीन व अपरिपक्व असल्याने तिने स्वतःबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह धरू नये, व तिच्यावर कृपा करून' इथवर ते आले. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

दुर्गानं कागदावर हात ठेवला. "कृपा नको, बाबा."

"अगं, अर्जात लिहावं लागते तसं."

"कोणत्या रकान्यात?" दुर्गा म्हणाली.

धनराजरावांनी लेकीकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांना हा प्रश्न साहेबानंही विचारला नव्हता. पेन तिच्या हातात देताना त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "समास सोड डावीकडून."

तिनं आपल्या तक्त्यावरचे 'सगळ्यांना माहीत आहे' पाचही ठिकाणी खोडले आणि पान क्रमांक घातले. प्रश्नमांडणी तीन, पान एक. नोंदी चार, पान दोन ते सोळा. सुधारणा तीन, पान दहा. निष्कर्षात स्वतःचे तीन खोडून तिनं दोन केले, पान चौदा. सादरीकरणाला मॅडम तीन म्हणत होत्या. तिनं दोनच लिहिले, कारण तिसऱ्या पायरीवर 'शेवटपर्यंत वर्गाकडे बघून' असं लिहिलं होतं आणि शेवटचं वाक्य तिनं फळ्याकडे तोंड करून म्हटलं होतं. मॅडमनी आठवून बघितलं, मान डोलावली आणि आपल्या तक्त्यावरचे तीन खोडून दोन करून बाजूला सही केली. दोन्ही कागदांची बेरीज चौदा आली. धनराजरावांचा जीव वरखाली झाला. हातात आलेला गुण पोरीनं परत दिला होता.

मग अर्ज. तो दोन ओळींचा होता. 'मी माझं नाव मागं घेतलं ते चुकलं. मी पात्र आहे. पुरावा सोबत जोडला आहे.' आणि सोबत तक्ता आणि वही.

गेडाम सरांनी वही उघडली. पाच मिनिटांत सही होईल असं सगळ्यांना वाटलं. पण सर पहिल्या पानापासून वाचायला लागले. तिसऱ्या दिवशीच्या फेसापाशी त्यांनी चष्मा वर केला. 'आईनं नाक धरलं' इथं त्यांचं पोट हलायला लागलं. शिपाई दारात पिशवी घेऊन उभा राहिला, साडेचार झाले, धनराजराव खुर्चीच्या कडेला आले. नवव्या पानावर सरांनी टेबलावर थाप मारली आणि दोन मिनिटं ते नुसते हसत राहिले. मग दहावं पान, अकरावं, भोकं, विटा, बुधरीबाईची चटई. हसणं हळूहळू थांबलं. ते आकडे बोट ठेवून वाचत गेले, चौदाव्या पानावर थांबले, मागं जाऊन पुन्हा पाहिलं.

"दोन दिवसांत वाळली?" त्यांनी विचारलं. "आमच्या गावाकडं घरोघरी मोह आहे. ही पेटी सगळ्याईले जमन का?"

"जमन सर. आंब्याचं खोकं लागते. चिकटपट्टी नाई लागत," दुर्गा म्हणाली, आणि धनराजराव खिडकीबाहेर बघायला लागले.

सरांनी यादी ओढली, आठव्या ओळीत तिचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि कागद शिपायाच्या हातात दिला. शिपाई पळाला. वही परत देताना मात्र त्यांनी ती क्षणभर धरून ठेवली. वर ठेवलेल्या तक्त्यात दुर्गाचा जुना, साताचा आकडा खोडलेल्या रेघेखालून अजून दिसत होता.

"काय वो पोरी," ते म्हणाले, "एवढं सगळं लिहून ठेवलं, तरी स्वतःले सात कसे काय देल्ले?"

दुर्गानं वही छातीशी धरली.

"सर, तेव्हा मी ते लिहिलं होतं," ती म्हणाली. "वाचलं नव्हतं."